रिकामं आवर्तन

“सांगू नका, म्हणून दाखवा,” मी म्हणाले.

तो संकोचला. त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्या पेटीकडे. भर दुपार होती, गल्लीत भांडी घासल्याचे आवाज येत होते आणि समोर बसलेला हा तिशीचा, वेल्डिंगने हात भाजलेला गडी लग्नाच्या पंगतीत गाणं म्हणायला लावल्यासारखा लाजत होता. सुदाम कोरडे त्याचं नाव. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजात तो कामाला होता, आणि त्यानेच त्याला माझ्याकडे पाठवलं होतं.

“मला गाता येत नाही, बाई. मी कधी गायलोच नाही.”

“मग जमेल तसं. शब्द नुसते सांगितलेत तर मला अर्धंच कळेल.”

औरंगाबादेत तेव्हा मला ‘कव्वालीवाल्या बाई’ म्हणत. मागे आणखीही काय काय म्हणत असतील, ते मी कधी मनावर घेतलं नाही. निजामाच्या राज्यात जन्मलेली मी, शाळा उर्दूत झाली. कॉलेजात संगीत शिकवून निवृत्त झाले तेव्हा घरात माणसं कमी आणि कव्वालीच्या कॅसेटी जास्त, अशी परिस्थिती होती. लोक यायचे, कुठल्या तरी उरसात ऐकलेली अर्धी ओळ सांगायचे आणि मी गझल, कव्वाल, जमलंच तर सालही सांगायची. या बाबतीत मला गर्व होता आणि तो मी लपवत नसे.

सुदामने चपला सरळ केल्या, गुडघे पोटाशी घेतले, मान खाली घातली. आणि गायला लागला.

वो एक पाँव में घुँघरू पहन के निकला था
गली गली में उसे ढूँढती है इक आवाज

माझ्या अंगावर काटा आला, हे मी आधीच सांगून टाकते. गळा चांगला होता म्हणून नव्हे. तो गळाच त्याचा वाटत नव्हता. लाजणाऱ्या, हळू बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून पन्नाशीच्या एखाद्या खडबडीत, पान खाणाऱ्या कव्वालाचा आवाज येत होता, श्वास घेण्याच्या जागांसकट. दुसरी ओळ झाल्यावर तो थांबला नाही. ‘ढूँढती है इक आवाज’ म्हणाला. मग ‘इक आवाज’. मग नुसतंच ‘आवाज’. मग गप्प झाला. त्या शांततेत त्याने जिभेने टाळ्याला एक ठोका दिला, धप. थोड्या वेळाने आणखी एक, धप. आणि मग तिसऱ्याच कुणाच्या तरी घोगऱ्या आवाजात पुटपुटला, “छोडो मत, मियाँ. छोडो मत.”

मान वर केली तेव्हा तो पुन्हा सुदाम होता.

“पुढं येत नाही,” तो म्हणाला. “इथंच तुटतं.”

मी त्याला पाणी दिलं आणि स्वतःही घेतलं. मग विचारलं, हे कुठे ऐकलंत, आणि ते एवढं शोधायचं कारण काय.

कारण त्याने फार सरळ सांगितलं. त्याचे आप्पा जत्रेत रहाटपाळणा लावायचे. परभणीपासून पैठणपर्यंत वर्षभर जत्रा, उरूस, बाजार. सुदाम त्यांच्याबरोबरच वाढला. त्यांनी त्याला खांद्यावर बसवून जग दाखवलं, स्वतः अर्धपोटी राहून शिकवलं. आदल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. जाण्याआधी त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाले, तू माझा नाहीस, तुला मी जत्रेतून आणलंय. कुठल्या, हे सांगण्याआधी त्यांची वाचा गेली.

“आता मला एवढंच समजून घ्यायचंय, बाई,” सुदाम म्हणाला. “त्यांना मी सापडलो, का त्यांनी मला चोरलं? सापडलो असंल तर त्यांचं वर्षश्राद्ध घालतो. चोरलं असंल तर माझ्या हातनं पिंड ठेववणार नाही. दोन महिन्यांवर आलंय.”

“आणि त्याचा या शेराशी काय संबंध?”

“त्याच्या आधीचं मला काहीच आठवत नाही. हे मात्र शब्द न शब्द आठवतं. अंधार असतो, भिजक्या सतरंजीचा वास असतो, आणि वरून हे गाणं येत असतं.”

“वरून म्हणजे?”

“डोक्यावरून.”

म्हणजे लिंबाच्या झाडाला बांधलेला कर्णा, असं मी मनात लिहून घेतलं. उरसात कर्णे झाडालाच बांधतात. मला तेव्हा त्यात विचार करण्यासारखं काहीच वाटलं नाही.

शोधायला मी नेहमीच्या रस्त्याने निघाले. गझलेच्या पहिल्या शेरात दोन्ही ओळींचं यमक जुळतं. या शेरात ते जुळत नव्हतं, म्हणजे हा मधला कुठला तरी शेर. मधल्या शेराची दुसरी ओळ गझलेच्या ठरलेल्या शब्दावर संपते, आणि तो शब्द हाती लागला की गझल हाती लागते. इथे तो ‘आवाज’ असायला हवा होता. मी ‘आवाज’वर संपणाऱ्या गझला काढल्या. शायरांची दिवाणं चाळली, कॅसेटी ऐकल्या, हैदराबादच्या एका मौलवीसाहेबांना फोन करून त्यांची दुपारची झोप मोडली. छंदाचं वजन जुळायचं तर शब्द जुळायचे नाहीत, शब्द जुळायचे तर भाव कुठल्या कुठे. अर्थाचं मला कोडं नव्हतं. एका पायात घुंगरू बांधून निघालेला म्हणजे कुणी मलंग फकीर, पिराच्या ओढीने नाचत निघालेला. कव्वालीत अशी माणसं जागोजागी भेटतात.

सुदाम दर रविवारी यायचा. मी त्याला तो शेर पुन्हा पुन्हा म्हणायला लावायची आणि दर वेळी पेटीवर बोट ठेवून सूर तपासायची. दर वेळी तो काळी तीनच्या पट्टीतच सुरू व्हायचा. एकदा तर घाईत, दारातच चपला काढता काढता म्हणाला, तरी काळी तीनच. कधीही न गाणाऱ्या माणसाला सूर असा खिळ्याला टांगल्यासारखा मिळावा, हे मला आवडलं नाही. गाताना त्याची मान का खाली जाते तेही विचारलं. “जाते का?” म्हणाला. त्याला माहीतच नव्हतं.

शेवटी माझी चूक मला शब्दांनी नाही, सुराने दाखवली.

त्या रविवारी मी त्याला दुसऱ्या ओळीच्या शेवटी थांबवलं आणि तो सूर पेटीवर धरून ठेवला. पंचम होता. वर टांगलेला. गझलेतला शेर असा संपत नाही. तो घरी येतो, षड्जावर टेकतो, कारण त्याची ओळ तिथेच पुरी होते. हा शेर घरी आलाच नव्हता. चेंडू वर फेकावा आणि झेलणाऱ्याने पुढे यावं, तसा थांबला होता.

“सुदाम, हा त्या गझलेतला शेरच नाही,” मी म्हणाले. “ही गिरह आहे.”

“म्हणजे काय?”

“गिरह म्हणजे गाठ. मूळ गझल गाता गाता कव्वाल मधेच बाहेरचा शेर आणतो, आणि अशा बेताने बसवतो की त्याचं टोक मुखड्याला जाऊन मिळावं. तो कुणाचाही असेल, किंवा तिथे बसल्या बसल्या केलेला असेल. मी इतके दिवस गाठ घेऊन तिचाच दोरा शोधत बसले. शोधायला हवी ती ही गाठ ज्याला बांधली ती ओळ.”

आता काम सोपं होतं असं नाही, पण खरं होतं. ती ओळ याच वजनाची हवी. तिचा मुखडा पंचमावरून उचलणारा हवा. आणि गाणारा? तो तर सुदामच्या गळ्यातच बसला होता, माझंच लक्ष नव्हतं. बहुतेक कव्वाल एखादी ओळ धरली की वाढवत नेतात. सरगम घालतात, ताना मारतात, आवाज चढवतात, मागे बसून साथ करणारे हमनवा टाळ्या वाढवतात. हा उलटा जात होता. दर फेरीला ओळीच्या सुरुवातीचे शब्द गाळत, गाळत, एका शब्दावर यायचं, आणि मग एक पूर्ण आवर्तन रिकामं सोडायचं. ढोलक बंद, टाळ्या बंद, पेटी बंद. आठ मात्रा कुणी काही करत नाही. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, आणि मग सगळे एकदम मुखड्यावर कोसळतात.

असं करणारा माझ्या माहितीत एकच माणूस होता. यूनुस जालनेवाले. फार मोठं नाव नव्हतं. आमच्या मराठवाड्यातल्या लहान उरसांत गायचा, दोन-तीन कॅसेटी निघाल्या होत्या, आणि काळी तीनशिवाय गात नसे. तो वारल्यालाही काही वर्षं झाली होती.

मी त्याची कॅसेट काढली, लावली. सुदामला काहीच सांगितलं नाही. पेटीचे सूर आले, ढोलक आली, आणि मुखडा:

चराग बुझने से पहले जरा चले आओ

सुदामची मान खाली गेली. मुखडा दोनदा झाला, तिसऱ्यांदा झाला. कॅसेटवर यूनुसने श्वास घेतला, आणि त्याने तोंड उघडायच्या आत खोलीत त्याचाच आवाज उमटला. सुदाम गात होता. कॅसेटमधला यूनुस त्या जागी दुसरंच काही म्हणत होता, चंद्राचं की कसलं तरी, पण दोन्ही शेर एकाच मापाचे होते. दोघं शब्द गाळत गाळत बरोबर खाली आले, दोघं एकदम गप्प झाले. कॅसेटमध्ये शांतता. सुदामने जिभेने ठोका दिला, धप. मग धप. “छोडो मत, मियाँ.” आणि त्याचा टांगलेला पंचम कॅसेटमधल्या मुखड्याने अलगद झेलला. चराग बुझने से पहले जरा चले आओ. गल्लीत तो आवाज त्याला शोधतो आहे, आणि काय म्हणतो आहे, तर दिवा विझण्याआधी ये. गाठ बसली होती.

मी हात लांबवून टेप बंद केला. मला भीती वाटली, आणि भर दिवसा घरात बसून भीती वाटल्याचा रागही आला.

“हेच,” सुदाम म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “हेच होतं वर. पण यात माझ्या ओळी नाहीत.”

“नसणारच. गिरह दर बैठकीला नवी असते. तुमची एखाद्या उरसातच झाली असेल. कुठल्या, ते आता त्यांच्यामागे बसणाराच सांगू शकेल.”

यूनुसच्या मागे बसणाऱ्यांपैकी एकच जण हयात होता. मस्तानचाचा ढोलकवाले, जालन्यात. पुढच्या रविवारी आम्ही दोघं सकाळच्या एसटीने गेलो. रस्ताभर सुदाम खिडकीबाहेर बघत होता. बदनापूर गेल्यावर एकदाच बोलला, “आप्पा मला भोंग्याजवळ कधी जाऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, कान जातील.”

मस्तानचाचांचं घर कापडबाजाराच्या मागे होतं. अंगणात शेवग्याचं झाड, त्याखाली बाज, बाजेवर ते. दिसायला बारीक, दाढी मेंदीने रंगवलेली, हात मात्र अजून मजबूत. मी नाव सांगितलं तर ओळखलं. “अरे, कव्वालीवाल्या बाई,” म्हणाले. “यूनुसमियाँ तुमचं नाव घ्यायचे. एक बाई आहे औरंगाबादेत, म्हणायचे, तिच्यासमोर शेर चुकवायची सोय नाही.” मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चहा आला. मी म्हणाले, चाचा, एक गिरह ओळखायची आहे. यूनुसमियाँचीच आहे.

“बोला की. त्यांच्या गिरहा मला नमाजासारख्या पाठ आहेत.”

“मी नाही, हे म्हणतील.”

सुदामने गुडघे पोटाशी घेतले. मान खाली गेली. ‘वो एक पाँव में’ एवढं झालं आणि चाचांच्या हातातली बशी खाली आली. त्यांनी ती ठेवली नाही, ती आपोआप खाली आली आणि चहा बाजेवर सांडला. सुदाम गातच राहिला. शब्द गाळत, गाळत, ‘आवाज’वर आला. गप्प झाला. धप. धप.

“छोडो मत, मियाँ. छोडो मत.”

घरातून एक सून डोकावून आत गेली.

“हा कोण आहे, बाई?” चाचांनी मला विचारलं. त्याच्याकडे बघायला ते तयार नव्हते. “खरं सांगा. हा जिवंत माणूस आहे ना?”

“चाचा, असं काय बोलता? गॅरेजात कामाला आहे.”

“मग हे त्याला कुणी शिकवलं? हा शेवटचा आवाज माझा आहे. यूनुसमियाँ थकले होते, गळा बसला होता, मी मागून त्यांच्या कानात बोललो, सोडू नका. कानात बोललो. माईकवर नाही. भोंग्यातून ते जाणारच नाही. शेजारच्या हमनवालाही ऐकू गेलं नसंल.”

“आणि ते ठोके?” मी विचारलं.

“ते रिकामं आवर्तन असतं ना, बाई. सगळे गप्प. मग परत एकदम उठायचं कसं? कुणीतरी मात्रा धरायला पाहिजे. ते काम माझं. मी सतरंजीखाली टाच दाबायचो फळीवर. पहिल्या मात्रेला एक, पाचवीला एक. वर बसलेल्यांना फळीतनं ते नुसतं कळायचं, ऐकू कुणालाच यायचं नाही. समोर बसणाऱ्यालासुद्धा नाही.”

तो ठोका ऐकू यायला माणूस कुठे असायला हवा, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो पुढे जाऊ दिला नाही. बहुतेक चाचाही त्याच जागी पोचले होते.

“कुठला उरूस, चाचा?” सुदामने विचारलं.

चाचांनी आता पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“सैदापूरचा,” ते म्हणाले. “गयाबाई म्हणून एक बाई होती. पोरं जगत नव्हती तिची. मग पिराला नवस केला, आणि हे पोरगं जगलं. पिराजी नाव ठेवलं. नवसाचं पोर म्हणून त्याच्या एका पायात चांदीची बेडी असायची, बारीक घुंगरू लावलेली. पाच वर्षांचा झाला की दर्ग्यात आणून ती काढायची, अशी रीत. त्या उरसाला ती बेडी काढायलाच त्याला आणलं होतं. गर्दीत हात सुटला.”

“कुणी शोधलं नाही?”

“सगळ्यांनी शोधलं, बेटा. विहिरीत गळ टाकले. बाजार पालथा घातला. मगरिबच्या नमाजानंतर आम्ही तख्तावर बसलो तर ती बाई तख्ताच्या कडेला येऊन डोकं आपटायला लागली. म्हणाली, तुमचा भोंगा चार गावं ऐकतात, माझ्या लेकराला हाक मारा. यूनुसमियाँ रडले. म्हणाले, नुसतं नाव पुकारून पोर येत नाही, पोरं गाण्याला येतात. आणि बसल्या बसल्या तो शेर बांधला. एका पायात घुंगरू घालून निघालाय, एक आवाज त्याला गल्लीगल्लीत शोधतोय. मुखडा होताच, चले आओ. बाई, तो शेर आम्ही किती वेळा म्हटला असंल. बाकी सगळ्या गझला राहिल्या. हात सुजले माझे. दर फेरीला मियाँ शब्द कमी करायचे, आणि ते रिकामं आवर्तन आलं की सगळा उरूस श्वास धरायचा. घुंगरू वाजतंय का ऐकायचा.”

फकीर नव्हता, मलंग नव्हता. मी उर्दू शिकलेली बाई त्यात सूफी अर्थ काढत बसले होते आणि एका आईने पोराच्या अंगावरची खूण सांगितली होती.

चाचा उठले. सुदामच्या समोर जमिनीवर बसले. त्याचा डावा पाय हातात घेतला आणि पँट वर सारली. घोट्याच्या वर एक पांढरट, आडवी रेघ होती.

“हे काय?”

“पत्रा लागला होता लहानपणी. आप्पा म्हणायचे.”

“पत्रा नाही. छिन्नी आहे ही. पायातली बेडी तोडताना सरकलेली.” त्यांनी पाय सोडला नाही. “तुझे आप्पा काय करायचे?”

“रहाटपाळणा लावायचे.”

“उंच होते? बोलताना अडखळायचे?”

“हो.”

चाचांनी डोळे मिटले. “तख्त कुणाचं असायचं माहितीये? आम्ही कुठून आणणार तख्त. सैदापुरात रहाटपाळणेवाला आपल्या फळ्या द्यायचा, दरवर्षी. पिंपांवर फळ्या, फळ्यांवर सतरंजी, सतरंजीची टोकं जमिनीपर्यंत सोडलेली. तो समोरच बसायचा, ऐकायचा शौक होता त्याला. त्या वेळी तोही आमच्याबरोबर रडत होता. मी बघितलंय. पहाटे फळ्या काढायची त्याला फार घाई झाली होती. आम्हाला उठवलं, आणि चहा घेऊन या, म्हणाला, मी काढतो एकटा. आम्ही चहा पिऊन येईपर्यंत त्याची गाडी निघालीसुद्धा होती. पुढच्या उरसाला तो आला नाही. नंतर कधीच आला नाही.”

शेवग्याची पानं गळत होती, ती सुदाम बाजेवरून एकेक करून उचलत होता. मला वाटलं तो आता ओरडेल, किंवा रडेल. मला स्वतःला रडायला येत होतं.

“म्हणजे सापडलो पण,” तो शेवटी म्हणाला, “आणि चोरलं पण.”

“हो, बेटा.”

“रडले होते, म्हणता?”

“सगळ्यांसारखंच.”

“मग पोर कुणाचं ते त्यांना कळत होतं.” तो मान हलवत राहिला. वर्षश्राद्धाचं काय ठरवलं ते मी त्याला तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही विचारू शकले नाही.

“ती बाई आहे का अजून?” मीच विचारलं.

“दर उरसाला यायची. तख्ताजवळ बसायची आणि सांगायची, माझ्या लेकराचं म्हणा. उर्दूचा एक शब्द कळत नव्हता तिला. मियाँ होते तोवर तिच्यासाठी म्हणायचे, दुसऱ्या कुठल्या गावात तो शेर त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. मियाँ गेल्यावर मी तिकडे गेलो नाही. घर सांगतो. वेशीजवळच आहे. असंल तर असंल.”

घराची खूण त्यांनी सुदामला दोनदा नीट सांगितली. आम्ही निघायला उठलो. सुदामने वाकून त्यांच्या पायाला हात लावला तसा चाचांनी त्याचा दंड पकडला. इतका वेळ धरून ठेवलेलं त्यांच्या तोंडून सुटलंच.

“पण तू खाली होतास, पिराजी. आमच्या बुडाखाली, हाताएवढ्या अंतरावर. आम्ही गळा फाटेस्तोवर तुलाच बोलावत होतो. आणि आम्हीच एवढा गोंगाट करत होतो की घुंगरू वाजलं असतं तरी कुणाला ऐकू आलं नसतं. त्या रिकाम्या आवर्तनात मात्र सगळे गप्प असायचे. आठ मात्रा. दर फेरीला. तेवढ्यात तू नुसता पाय हलवला असतास तरी झालं असतं. का नाही हलवलास?”

सुदाम विचार करत उभा राहिला. मान हळूहळू खाली गेली, खांदे आत आले, आणि इतक्या मोठ्या, दणकट गड्याच्या जागी मला क्षणभर कुणीतरी फार लहान उभं असल्यासारखं वाटलं.

“गाणं चांगलं होतं,” तो म्हणाला. “मी हललो असतो तर थांबलं असतं.”